बाळासाठी सोनं घेताय? आधी फिरकी, माप आणि वजन बघा

बारशाची तारीख ठरली की आजोळच्या माणसांची सराफाकडे फेरी ठरलेलीच. बेळगाव-खानापूरचे लोक शहापूरला जातात, नाहीतर सरळ कोल्हापूरची गुजरी गाठतात. इंदूरवाल्यांचा सराफा आहे, ग्वाल्हेरकरांचा लष्करातला सराफा बाजार आहे. दुकान कुठलंही असो, बोलणं साधारण एकाच वळणाचं असतं. किती ग्रॅम घ्यायचं, आजचा भाव काय, मजुरी किती. दागिना ज्याच्या अंगावर जाणार ते बाळ मात्र या बोलण्यात नसतं.

बाळाचा दागिना हा मोठ्यांच्या दागिन्याची छोटी आवृत्ती नाही. मोठ्या माणसाला साखळी रुतली तर हात लावून सैल करता येते. फिरकी पडली तर लक्षात येतं. बाळाला यातलं काहीच जमत नाही. उलट हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालणं हेच त्याचं काम. म्हणून खरेदीला जाण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. हा दागिना कुठे अडकला तर काय होईल? आणि तुटला तर त्याचे तुकडे कुठे जातील?

गळ्यातली साखळी आधी यादीतून काढा

बारशाच्या यादीत पहिला मान साखळीचा असतो. त्यात बदाम, ताईत नाहीतर देवाचं पदक ओवलेलं. सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात अवघड दागिना हाच, आणि अडचण सोन्यात नाही, जागेत आहे.

साखळी भक्कम घेतली तर ती तुटत नाही. पाळण्याच्या कडीत, झोळीच्या दोरीत, कडेवर घेणाऱ्याच्या बटणात किंवा बांगडीत ती अडकली, तर बाळाचा भार गळ्यावर येतो. बाळाला मान मागे घेता येत नाही, अडकलेलं सोडवता येत नाही, आणि गळा दाबला गेला की रडण्याचा आवाजही फुटत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळणार कसं?

मग कोणी सुचवतं, नाजूक घेऊ, ओढली की तुटेल अशी. तीही अडचणीतून सुटत नाही. तुटलेल्या साखळीतलं पदक, कडी आणि हूक बाळाच्या छातीवर, म्हणजे तोंडापासून चार बोटांवर पडतात. थोडक्यात, गळ्यातला दागिना मजबूत असला तर फास आणि कमजोर असला तर घशात अडकणारा तुकडा. गळ्यापुरता यावर मधला मार्ग नाही. दात येताना गळ्यात घालायच्या माळांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2018 मध्ये इशारा दिला, तोही नेमक्या याच दोन कारणांसाठी: गळा आवळणं आणि मणी घशात अडकणं. आपल्याकडची काळ्या मण्यांची आणि सोन्याच्या मण्यांची माळ त्याच जातीची.

त्यामुळे आजोळची साखळी घ्यायचीच असेल तर घ्या, पण ती ठेवण्यासाठी आहे असं समजून घ्या. बाळ आईच्या मांडीवर असताना फोटोपुरती पाच मिनिटं घातली आणि तिथेच काढून डबीत ठेवली, एवढंच तिचं काम. रोजच्या वापराचा दागिना हवा असेल तर जागा बदला. जिथे दागिना न तुटल्याने जीव धोक्यात येत नाही अशी जागा म्हणजे मनगट.

बिंदली: माप दोरीने घ्या, अंदाजाने नको

मनगटासाठी आपल्याकडे दोन प्रकार चालतात. एक मनगटी, म्हणजे दोऱ्यात किंवा तारेत ओवलेले काळे आणि सोन्याचे मणी. दुसरी बिंदली, म्हणजे अखंड सोन्याचं छोटं कडं. ग्वाल्हेरकडे दुकानात कडा म्हणावं लागतं, बडोद्यात कडली, आणि कन्नड दुकानदाराला कडग म्हटलं की तो नेमकी वस्तू काढतो.

या दोघांत रोजच्यासाठी बिंदली बरी. मनगटी दिसते छान, पण ती एका दोऱ्यावर उभी असते. बाळ ती दिवसभर चोखणार, दोरा ओला होणार, कुजणार आणि एक दिवस सगळे मणी एकदम मोकळे होणार. सोन्याचा मणी गिळला तर निदान एक्स-रेमध्ये दिसतो. प्लास्टिकचा काळा मणी तिथेही दिसत नाही.

लहान वस्तू म्हणजे किती लहान, याचं एक पक्कं माप आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू किंवा जो सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावतो, तो घशासाठी धोक्याचा धरतात. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे, त्याहून ही नळी थोडीच मोठी. मणी, पदक, अंगठी, कानातलं हे सगळं तिच्यात आरामात मावतं. नवजात बाळाची अखंड बिंदली मात्र जेमतेम बाहेर राहते, आणि तिला सुटणारा भाग नसला तर तुकड्यांचा प्रश्नही उरत नाही.

आता माप. एक न ताणणारा दोरा घ्या. पहिलं माप मनगटाचं, दोरा टेकवून पण न आवळता. दुसरं माप मुठीचं, अंगठा आत दुमडून जिथे हात सर्वात रुंद होतो तिथलं. दोन्ही दोरे पट्टीवर मोजून लिहून घ्या आणि दुकानात ते आकडे सांगा. "बारशाचं आहे, त्या मापाचं द्या" एवढंच सांगितलं तर दुकानदार तयार साच्यातलं देतो, आणि तो साचा तुमच्या बाळाचा असेलच असं नाही.

समजा, मनगट 8 सेंटिमीटर आणि मूठ 10 सेंटिमीटर भरली. बिंदलीचा आतला घेर या दोन आकड्यांच्या मध्ये हवा. मनगटापेक्षा साधारण 1 सेंटिमीटर जास्त, म्हणजे 9. त्यात तुमच्या करंगळीचं टोक अलगद शिरतं, रक्त अडत नाही, आणि मुठीवरून ती सहज घसरतही नाही. 9 सेंटिमीटर घेर म्हणजे आतला व्यास जवळपास 29 मिलिमीटर. बांगडीच्या मापात सोनार याला एक-दोन म्हणतो, म्हणजे एक इंच आणि दोन सोळांश.

इथेच एक चूक नेहमी होते. तोंड न उघडणारं, बंद गोल कडं घेतलं तर ते मुठीवरून चढवावं लागतं. त्यासाठी घेर निदान 10 सेंटिमीटर लागतो, म्हणजे एक-चारचं माप. जे मुठीवरून चढतं ते मुठीवरून उतरतंही. बाळाचा हात मऊ असतो, झोपेत मूठ सैल पडते आणि कडं अंथरुणात मिळतं, नाहीतर तोंडात. म्हणून बंद कडं नको. उघडणारी बिंदली घ्या. घालून झाल्यावर हलकेच मुठीकडे ओढून बघा. अंगठ्याच्या उंचवट्याशी अडली तर माप बरोबर.

उघडणार कशी, हे विचारा

उघडणाऱ्या बिंदलीत दोन जाती आहेत. पहिली फटीची. कड्याची दोन टोकं मोकळी असतात, सोनं थोडं फाकवून हातात घालायचं आणि परत दाबायचं. हिला सुटा भाग नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. पण टोकं नीट बघा. मगरीची किंवा हत्तीची तोंडं कोरलेली टोकं मोठ्यांना आवडतात. बाळ मात्र त्याच हाताने दिवसभर डोळे चोळतं. टोकं मण्यासारखी गोल आणि गुळगुळीत हवीत. स्वतःच्या गालावर, पापणीवर फिरवून बघा. तुम्हाला टोचलं तर बाळाला ओरखडा नक्की.

फटीच्या बिंदलीची मर्यादा अशी की सोनं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होतं आणि एके ठिकाणी बारीक भेग पडते. सकाळ-संध्याकाळ काढ-घाल करायची असेल तर ही जात त्या कामाची नाही. तसंच बाळ वाढलं की फट वाढते. बोटभर, म्हणजे सेंटिमीटरच्या पुढे फट गेली की बिंदली मनगटावरून आडवी निसटू शकते किंवा कातडी चिमटीत धरते. तेव्हा आणखी फाकवू नका. काढून ठेवा, नाहीतर सोनाराकडून वाढवून घ्या.

दुसरी जात मळसूत्राची. कडं बिजागरीवर दोन भागांत उघडतं आणि खिळीने बंद होतं. रोज काढ-घाल करायला हीच सोयीची. यात बघायचं ते खिळीकडे. खीळ पूर्ण बाहेर निघून हातात येत असेल तर ती एक दिवस हरवणार. खीळ कड्यालाच अडकलेली हवी, म्हणजे सैल झाली तरी सुटून पडू नये. ती फिरवताना थोडी अडखळली पाहिजे. बोटाच्या टोकाने भिरभिर फिरत असेल तर आटे झिजले आहेत. बिजागरीत ओढणीचा धागा अडकतो का, हेही दुकानातच बघून घ्या.

स्प्रिंगचे हूक, इंग्रजी एसच्या आकाराचे हूक आणि चुंबकाचे फासे बाळासाठी तिन्ही टाळा. एस-हूक ओढला की उघडतो. स्प्रिंगमध्ये घाण जाऊन ती अर्धवट उघडी राहते. चुंबक तर गिळण्याच्या दृष्टीने वेगळंच संकट आहे, कारण दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

वजन खूप काही सांगतं

वजनाचा विचार आपण पैशांसाठी करतो. बाळाच्या दागिन्यात वजनावरून त्याची बांधणीही ओळखता येते.

वरच्याच मापाची बिंदली घेऊ. घेर 9 सेंटिमीटर, 22 कॅरेट, साडेतीन ग्रॅम. एवढ्या सोन्याची भरीव तार ओढली तर तिची जाडी साधारण 1.7 मिलिमीटर येते. म्हणजे बिंदली बारीकच दिसणार. आता दुकानात साडेतीन ग्रॅमचीच, पण 4 मिलिमीटर जाड, भरगच्च दिसणारी बिंदली दाखवली तर? त्या जाडीची भरीव बिंदली 20 ग्रॅमच्या आसपास जायला हवी. साडेतीनमध्ये बसवली आहे म्हणजे ती आतून पोकळ आहे, किंवा पातळ पत्र्याच्या आत लाख भरली आहे.

पोकळ बिंदली बाळाला का नको? पत्रा दातांनी चेपतो. चेपलेल्या जागी चीर पडते आणि चिरेची कड ब्लेडसारखी असते. तीच कड हिरड्यांना आणि ओठांना लागते. चिरेतून आंघोळीचं पाणी, तेल, लाळ आत जाते आणि पुढे तिथून काळं पाणी झिरपतं. दिसायला बारीक चालेल, पण भरीव घ्या. मात्र वजन उगाच वाढवूही नका. एका हाताला तीन ते पाच ग्रॅम पुरे. जड कडं लोंबतं, मनगटाच्या वळीत घासतं, आणि बाळ हात झटकतं तेव्हा तेच त्याच्या कपाळावर आपटतं.

वजनाशी हॉलमार्कचाही संबंध आहे, आणि तो बाळाच्या दागिन्यात नेमका नडतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. पण 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. बारशाचं निम्मं सामान याच सुटीत बसतं: अंगठी, कानातलं, मनगटीतले मणी, छोटं पदक. तिथे शुद्धतेसाठी तुमच्या हातात फक्त पावती आणि सोनाराचा शब्द असतो.

तेव्हा एक हिशेब मांडून बघू. आजोळने 8 ग्रॅम ठरवलं आहे. नेहमीची वाटणी अशी: 5 ग्रॅमची साखळी, दीड ग्रॅमची मनगटी, 1 ग्रॅमचं कानातलं आणि अर्ध्या ग्रॅमची अंगठी. चार वस्तूंपैकी हॉलमार्कची सक्ती फक्त साखळीला, आणि तीच बाळाच्या अंगावर राहू नये अशी. अंगठीही नकोच. बाळाचं बोट फुगलं की ती रुतते, निसटली की थेट तोंडात जाते. त्याऐवजी साडेतीन-साडेतीन ग्रॅमच्या दोन भरीव बिंदल्या आणि 1 ग्रॅमचं कानातलं घेतलं तर वजन तेच 8 ग्रॅम. दोन्ही बिंदल्यांवर हॉलमार्क मिळतो, सुटे भाग कमी होतात आणि गळा मोकळा राहतो. मजुरी दुकानागणिक वेगळी पडेल, म्हणून दोन्ही याद्यांची मजुरी धरूनच किंमत विचारा.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटसाठी `22K916`) आणि एचयूआयडी. `BIS Care` या अॅपमध्ये `Verify HUID` इथे तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. बेळगावकराने कोल्हापुरात घेतलं काय, किंवा गोव्यातून हैदराबादच्या नातीला पाठवलं काय, ही तपासणी कुठूनही होते. अॅप "अंगठी" दाखवत असेल आणि तुमच्या हातात बिंदली असेल, तर तिथेच थांबा.

कानातलं: हेच रात्रंदिवस अंगावर राहतं

बिंदली झोपताना काढता येते. नव्याने टोचलेल्या कानातलं मात्र पहिले सहा आठवडे तरी काढता येत नाही, छिद्र बुजतं. म्हणजे जो दागिना देखरेखीविना रात्रभर बाळाजवळ राहणार तो हाच. म्हणून त्याच्या फिरकीवर सर्वात जास्त लक्ष द्या.

टोचायचं कधी, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी टोचायची पद्धत आहे, तर सरकारी वेळापत्रकात धनुर्वाताचं संरक्षण देणारी बाळाची पेंटाव्हॅलंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळते. म्हणून बरेच बालरोगतज्ज्ञ हे डोस होईपर्यंत थांबायला सांगतात. बारशाला कानाला नुसतं सोनं लावायचं आणि टोचायचं चौथ्या-पाचव्या महिन्यात, असा मार्ग काढता येतो.

कानातलं घेताना पुढचा भाग लहान, गोल आणि चपटा असावा. लोंबता डूल नको, खडा नको. खड्याची पकड बाळाच्या ओढाओढीत टिकत नाही. मागची फिरकी आट्यांची हवी, नुसती दाबून बसवायची नको. काडीचं टोक फिरकीच्या आत झाकलेलं असावं, कारण बाळ कुशीवर झोपलं की तेच टोक कानामागे टोचतं. अजूनही काही सोनार सोन्याची तार घालून तिथेच पिळून देतात. त्यात फिरकी पडण्याची भीती नाही, पण पिळलेलं टोक आत वळवून घासलेलं आहे ना, हे बोट फिरवून बघा.

सोनं 22 कॅरेटचं असेल तर आटे लवकर झिजतात. काडी आणि फिरकी 18 कॅरेटची करून मिळत असेल तर ती जास्त टिकते. पांढरं सोनं मात्र टाळा. त्यात निकेल असू शकतं आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही.

फिरकी पडण्याच्या भीतीने ती घट्ट आवळणं ही उलट बाजूची चूक. टोचल्यावर पाळी सुजते. फिरकीला जागा नसेल तर ती कातडीत रुतत जाते आणि काही दिवसांत वरून दिसेनाशी होते. पाळी आणि फिरकी यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा दिसली पाहिजे. रोज आंघोळीनंतर कानामागे बघा. लाली वाढत असेल, पू येत असेल, पाळी गरम लागत असेल किंवा फिरकी अर्धी बुडालेली वाटत असेल, तर घरी ओढून काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बारशाच्या दिवशी एक माणूस नेमा

दागिने हरवण्याचा आणि तोंडात जाण्याचा खरा दिवस बारशाचाच. बाळ चाळीस जणांच्या मांडीवरून फिरतं. प्रत्येक जण काहीतरी घालतो, कोणी काढतो, आणि संध्याकाळी आई विचारते, "अगं मावशी, उजव्या हातातली बिंदली तू काढलीस का गं?" तर मावशीला वाटत असतं की ती आत्याने काढली.

यावर साधा उपाय. घरातल्या एकाच माणसावर जबाबदारी टाका. त्याने एका कागदावर लिहायचं: बिंदल्या दोन, कानातली दोन, फिरक्या दोन, साखळी एक, पदक एक. फिरकी ही वेगळी वस्तू म्हणून मोजा. पाहुणे जे घालतील ते यादीत चढवा. विधी आणि फोटो झाले की त्याच माणसाने एकेक काढून डबीत ठेवायचं आणि यादीवर खूण करायची. एक जरी कमी भरलं तर आधी बाळाचं तोंड आणि अंथरूण बघा, मग घर शोधा.

रोजच्या दिवसांतही असाच शिरस्ता ठेवा. झोपताना, मालिश करताना, आंघोळीला, झोळीत किंवा गाडीत बाळ असताना बिंदली काढलेली असावी. तेल आणि साबण बिंदलीखाली साचले की मनगटाच्या वळीत ओल राहते आणि कातडी लाल होते. महिन्यातून एकदा दोरा घेऊन मनगट पुन्हा मोजा. पहिल्या वर्षात ते भराभर बदलतं. काढल्यावर मनगटावर खोल वळ राहत असेल तर ती बिंदली आता लहान झाली. तोच नियम कमरेच्या करगोट्याला. दूध प्यायल्यानंतर त्याखाली दोन बोटं शिरली पाहिजेत.

आजोबांच्या बाळपणीच्या बिंदल्या घालायच्या असतील तर आधी सोनाराकडे न्या. "काका, हे जोड जरा ओढून बघा आणि टोकं घासून द्या," एवढं सांगितलं तरी काम होतं. जुन्या दागिन्यात सोनं नाही झिजत तेवढे जोड आणि कड्या झिजतात.

तोंडात गेलंच तर

वस्तू दिसत असेल तरच बोटाने काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपलं तर ती आणखी खोल जाते. बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा जाते आहे. त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका, सरळ दवाखाना गाठा.

आवाज फुटत नसेल, खोकला निघत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थांबायला वेळ नाही. एका वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली आणि जबडा हाताने धरलेला. तळहाताच्या मुळाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवा. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी 108 लावायचा. बाळ निपचित पडलं तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करत राहा.

वस्तू गिळल्यासारखी वाटते पण बाळ हसतंखेळतं आहे, तरीही डॉक्टरांना दाखवा. लाळ जास्त गळणं, दूध न घेणं, पुन्हा पुन्हा ओकणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणं, या खुणा वस्तू मध्येच अडकल्याच्या असू शकतात. केळं चारू नका, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. सोनं एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतं. जोडीतलं दुसरं कानातलं किंवा दुसरी फिरकी सोबत न्या, म्हणजे नेमकं काय आणि केवढं शोधायचं ते डॉक्टरांना लगेच कळतं.